पितळी पाटीवरची लॅटिन ओळ

घरातले एखादे जुने पितळी पातेले किंवा स्टीलचा डबा उलटा करून त्यावर टिपक्याटिपक्यांनी घातलेले नाव वाचून पाहा. ‘चि. रमेश यास मुंजीप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट.’ या मजकुरात क्रियापद नाही. ‘दिली’ असे लिहायची कुणाला गरज वाटलेली नाही, कारण पातेले हातात असताना ते दिलेले आहे हे उघडच असते. घेणारा कोण, देणारा कोण आणि निमित्त काय, एवढे विभक्तिप्रत्ययांनी आणि एका ‘कडून’ने सांगितले की काम झाले.

रोमन लोकही दगडावर आणि धातूवर कोरताना नेमके असेच लिहीत. म्हणून लॅटिनमध्ये भेटीची पाटी करायची म्हणजे एखादे भारदस्त वचन शोधायचे, ही समजूत मला पटत नाही. वचन बहुधा गळ्यात अडकते. देणाऱ्या-घेणाऱ्याची साधी ओळ मात्र नीट बांधता येते आणि मुख्य म्हणजे तपासता येते.

हे एका उदाहरणावरून पाहू. मुंबईतल्या एका कॉन्व्हेंट शाळेच्या काही माजी विद्यार्थिनींना निवृत्त होणाऱ्या आपल्या टीचरना पितळी पाटी द्यायची होती. शाळेच्या बोधचिन्हावर लॅटिन ब्रीद आहे, तेव्हा पाटीही लॅटिनमध्ये हवी असा त्यांचा आग्रह. मुंबईत हा आग्रह परका नाही. सेंट झेवियर्स कॉलेजचे ‘प्रोवोकान्स आद वोलान्दुम’ हे ब्रीद बायबलमधल्या गरुडाच्या रूपकावरून घेतले आहे आणि त्याचा अर्थ ‘उडायला उद्युक्त करणारा’ असा होतो. खुद्द शहराला ‘उर्ब्स प्रिमा इन इन्दिस’, म्हणजे ‘हिंदुस्थानातली पहिली नगरी’, असे लॅटिन बिरुद लावले जाई. (लॅटिन शब्द इथे देवनागरीत, प्राचीन उच्चाराच्या जवळ जाऊन लिहितो आहे. शेवटी ‘आए’ दिसेल तिथे रोमन लिपीत ए आणि ई ही दोन अक्षरे आहेत असे समजावे.)

मुलींनी आणलेल्या यादीत सुरुवातीला वचनेच होती. पहिले ‘इल्लेगितिमी नॉन कार्बोरुन्दुम’. ऐकायला अस्सल वाटते, पण ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये पसरलेली थट्टा आहे. ‘नालायकांना तुम्हाला भरडू देऊ नका’ असा तिचा अर्थ सांगतात. ‘कार्बोरुन्दुम’ हे लॅटिन क्रियापदाचे रूप नाही. धार लावायच्या दगडात जे सिलिकॉन कार्बाइड असते, त्याचे हे व्यापारी नाव. शेवटच्या ‘उन्दुम’मुळे लॅटिनचा भास होतो, इतकेच. ज्या दुकानात पाटी कोरायची, तिथल्या कारागिराला हा शब्द कदाचित आपल्यापेक्षा जास्त परिचयाचा असेल.

दुसरे वचन सेनेकाच्या नावावर होते: आपण शाळेसाठी नव्हे, जीवनासाठी शिकतो. सेनेकाने आपल्या 106व्या पत्रात लिहिले आहे ते याच्या बरोब्बर उलट. आपण जीवनासाठी नाही, शाळेसाठी शिकतो, अशी त्याची तक्रार होती. पुढच्या काळातल्या शाळांनी शब्दांची अदलाबदल करून तक्रारीचा सुविचार केला. उलटवलेले वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे आणि अर्थही चांगला आहे. फक्त त्याच्याखाली सेनेकाचे नाव कोरू नये.

तिसरे ‘दोकेन्दो दिस्किमुस’, म्हणजे ‘शिकवता शिकवता आपण शिकतो’. हे चोख आहे आणि अनेक संस्थांचे ब्रीदही आहे. पण पाटी देणार विद्यार्थिनी. पाटीवर बोलणारा आवाज त्यांचा असेल, तर ‘शिकवता शिकवता आम्ही शिकतो’ हे त्या स्वतःबद्दल म्हणताहेत असे होईल. त्या तर शिकवत नव्हत्या. वाक्य शुद्ध असूनही चुकीच्या तोंडी पडते, आणि वचन निवडताना नेमकी हीच गोष्ट नजरेतून निसटते. मजकुरात ‘आम्ही’, ‘तू’, ‘मी’ असेल, क्रियापदाच्या शेपटीत दडलेले असले तरी, तर ते कोण हे आधी ठरवावे लागते.

म्हणून वचने बाजूला ठेवली आणि रोमन पाट्यांकडे वळलो. रोममध्ये इ.स. 113 साली उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी एक लेख आहे. तो ‘सेनातुस पोपुलुसक्वे रोमानुस’ या शब्दांनी सुरू होतो, म्हणजे ‘सेनेट आणि रोमन जनता’. हे देणारे, आणि ते प्रथमेत आहेत. पुढे सम्राटाचे नाव आणि पदव्या येतात, त्या सगळ्या चतुर्थीत. ‘अर्पण केला’ हे क्रियापद कुठेच नाही. तिथून फार लांब नसलेल्या टायटसच्या कमानीवरही तीच रचना आहे: प्रथमेतले सेनेट आणि जनता, चतुर्थीतला टायटस. एवढा मोठा स्तंभ उभा केला, तरी मजकुराचा सांगाडा देणारा आणि घेणारा एवढाच आहे.

आता आपल्या पाटीचा सांगाडा घालायचा. शब्द तीनचारच लागतात: शिक्षिका, उत्तम, विद्यार्थिनी, कृतज्ञ. लॅटिन शब्दकोश उघडला तर मिळतात ‘मागिस्त्रा’, ‘ऑप्तिमुस’, ‘दिस्किपुला’, ‘ग्रातुस’. हे शब्द जसेच्या तसे ओळीने मांडून पाटी करणारे लोक आहेत, आणि अशा पाटीवर ‘शिक्षिका, उत्तम पुरुष, विद्यार्थिनी, कृतज्ञ पुरुष’ अशी चार सुटी माणसे उभी राहतात. कोशात नाम प्रथमेच्या एकवचनात असते, विशेषण पुल्लिंगी प्रथमेत असते. ते मूळ रूप आहे, वापरायचे रूप नाही. शाळेत संस्कृतची रूपे पाठ केलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. ‘राम’ कोशात असतो, पण नमस्कार ‘रामाय’ करायचा असतो.

तर ‘मागिस्त्रा’चे चतुर्थी एकवचन ‘मागिस्त्राए’. तिचे विशेषण तिच्याच लिंगात, वचनात आणि विभक्तीत हवे, म्हणून ‘ऑप्तिमाए’. देणाऱ्या अनेकजणी असल्याने प्रथमेचे अनेकवचन ‘दिस्किपुलाए’, आणि त्यांचे विशेषण ‘ग्राताए’. विशेषणाने नामाच्या शेपटीची नक्कल करायची नसते, लिंग-वचन-विभक्ती जुळवायची असते. मुंबईच्या बिरुदातल्या ‘उर्ब्स’ आणि ‘प्रिमा’ यांची शेपटे अजिबात जुळत नाहीत, पण ‘उर्ब्स’ स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘प्रिमा’ बरोबर बसते. आपल्या ओळीत मात्र योगायोगाने सगळी शेपटे सारखीच आली:

‘मागिस्त्राए ऑप्तिमाए दिस्किपुलाए ग्राताए’.

व्याकरण शुद्ध आहे. पहिल्या वाचनात ‘उत्तम शिक्षिकेस, कृतज्ञ विद्यार्थिनींकडून’ असेच वाटते. बरेच लोक इथे थांबून ओळ दुकानात पाठवतात. माझ्या मते खरे तपासणे इथून सुरू होते. आपल्याला अर्थ आधीच माहीत असतो, त्यामुळे आपण तोच वाचतो. पाटीकडे कोऱ्या डोळ्यांनी पाहणारा माणूस मात्र शेपटे वाचतो. तेव्हा प्रत्येक शब्दाची शक्य असलेली सगळी रूपे लिहून काढायची. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर लॅटिन शब्द टाकला की त्याच्या रूपाच्या सगळ्या शक्यता समोर येतात, आणि लुइस आणि शॉर्ट यांचा 1879चा जाडजूड कोशही तिथे फुकट पाहता येतो.

‘मागिस्त्राए’ तपासल्यावर काय दिसते? ते चतुर्थीचे एकवचन आहे, षष्ठीचे एकवचनही आहे आणि प्रथमेचे अनेकवचनही आहे. संस्कृतात ‘मालायै’, ‘मालायाः’ आणि ‘मालाः’ ही तीन रूपे वेगवेगळी राहिली. लॅटिनमध्ये या जागी तिघांचा मिळून एकच घाट झाला. आणि आपल्या ओळीतले चारही शब्द याच घाटाचे आहेत. म्हणजे ही ओळ ‘कृतज्ञ विद्यार्थिनीस, उत्तम शिक्षिकांकडून’ अशीही वाचता येते. ‘उत्तम शिक्षिकेच्या कृतज्ञ विद्यार्थिनी’ असेही होते, आणि मग भेटीचा पत्ताच राहत नाही. यातले पहिले वाचन घातक आहे, कारण त्यात देणारा-घेणारा उलटतात. निवृत्त होणाऱ्या बाईंच्या भिंतीवर कुठल्याशा विद्यार्थिनीला मिळालेले बक्षीस लटकायचे.

कोणी म्हणेल, घेणारा आधी आणि देणारा नंतर अशा क्रमावरून कळेल की. मराठीत कळते, इंग्रजीत तर क्रमावरच सगळे चालते. लॅटिनमध्ये क्रम मोकळा आहे, आणि ट्रेजनच्या स्तंभावर तर देणारेच आधी आले आहेत. क्रमाच्या भरवशावर अर्थ सोडता येत नाही.

वर आणखी एक अडचण आहे, ती व्याकरणाची नाही, अर्थाची आहे. कोशात ‘ग्रातुस’ या नोंदीखाली दोन अर्थ शेजारीशेजारी दिलेले आहेत: एक ‘कृतज्ञ’, दुसरा ‘आवडता, हवाहवासा वाटणारा’. ‘ग्राताए’ विद्यार्थिनी म्हणजे कृतज्ञ विद्यार्थिनी, किंवा लाडक्या, मनात भरणाऱ्या विद्यार्थिनी. देणाऱ्यांनीच स्वतःला हे विशेषण लावणे जरा अतीच. इंग्रजीतून लॅटिनकडे जाणाऱ्या कोशात पाहून थांबले तर हा दुसरा अर्थ दिसतच नाही. त्यामुळे मिळालेला शब्द उलट्या दिशेने, लॅटिनमधल्या नोंदीत शोधून शेवटपर्यंत वाचायचा. ही एक सवय लावली तरी अर्ध्या चुका टळतात.

गुंता सोडवायला वेगळ्या घाटाचा एकच शब्द पुरतो. ज्याची प्रथमा अनेकवचन आणि चतुर्थी एकवचन वेगळी दिसतात असे विशेषण विद्यार्थिनींना लावले, की त्यांची विभक्ती पक्की होते आणि मग उरलेली चतुर्थी आपोआप बाईंकडे जाते. पहिला पर्याय सुचला ‘ऑम्नेस’, म्हणजे ‘सर्व’. चतुर्थी असती तर ‘ऑम्नी’ झाले असते, तेव्हा ‘दिस्किपुलाए ऑम्नेस’ म्हणजे निःसंशय प्रथमा. पण वर्गणी एका तुकडीने काढली होती. शाळेच्या सर्व विद्यार्थिनींच्या नावाने पाटी द्यायला कुणी तयार होईना, आणि ते योग्यच होते.

दुसरा पर्याय ‘मेमोर’, म्हणजे आठवण ठेवणारी. तिचे अनेकवचन ‘मेमोरेस’, तर चतुर्थी एकवचन ‘मेमोरी’. ‘दिस्किपुलाए मेमोरेस’ म्हणजे स्मरण ठेवणाऱ्या विद्यार्थिनी. इथे विभक्तीही पक्की झाली आणि ‘ग्राताए’ची दुहेरी छटाही गेली. पण नोंद शेवटपर्यंत वाचायची म्हटले ना? ‘मेमोर’ चांगले स्मरण ठेवते, तसेच वाईटही. व्हर्जिलच्या ‘ईनिड’मध्ये अगदी आरंभीच हे विशेषण जूनो देवीच्या रागाला लावलेले आहे, म्हणजे डूख धरून बसलेल्या रागाला. ‘आम्ही विसरलेलो नाही’ हे वाक्य मराठीतही कसे म्हटले यावर प्रेमाचे किंवा धमकीचे होऊ शकते.

मग कशाचे स्मरण हे सांगून टाकणे बरे. ‘मेमोर’ला षष्ठी लागते. संस्कृतात स्मरणाच्या धातूंना षष्ठी चालते, ‘मातुः स्मरति’ म्हणतात, तसेच. ‘बेनेफिकिउम’ म्हणजे उपकार, त्याचे षष्ठी अनेकवचन ‘बेनेफिकिओरुम’. ‘बेनेफिकिओरुम मेमोरेस’ म्हणजे ‘उपकारांचे स्मरण असलेल्या’. शेवटी एक क्रियापदही घातले, ‘देदेरुन्त’, म्हणजे ‘त्यांनी दिले’. रोमनांनी ते गाळले असते, पण आपल्याकडे वाचणारे रोमन नाहीत, आणि क्रियापद असले की कोशाच्या आधाराने वाचणाऱ्याला ओळीची गाठ लवकर सापडते. देणारी एकटी असती तर ‘देदित’ हवे. पाटीवर एकाच नावाने अर्पण असते आणि क्रियापद मात्र अनेकवचनी राहते, ही चूक जुना नमुना उचलून त्यात नावे बदलणाऱ्यांकडून होते.

ओळ अशी झाली: ‘मागिस्त्राए ऑप्तिमाए, दिस्किपुलाए बेनेफिकिओरुम मेमोरेस देदेरुन्त’. उत्तम शिक्षिकेस, उपकारांचे स्मरण असलेल्या विद्यार्थिनींनी दिले.

पुन्हा कोऱ्या डोळ्यांनी वाचले तर यातही एक संदिग्धता शिल्लक आहे. ‘मागिस्त्राए ऑप्तिमाए’ षष्ठी धरली तर ‘उत्तम शिक्षिकेच्या उपकारांचे स्मरण असलेल्या विद्यार्थिनींनी दिले’ असे होते. ते तसेच राहू दिले. लॅटिनमध्ये या घाटाच्या शब्दांची संदिग्धता पूर्ण घालवता येत नाही, आणि घालवायची गरजही नाही. प्रत्येक शक्य वाचनात देणारे तेच राहतात का आणि कोणाचा अपमान होत नाही ना, एवढे पाहायचे. सर असते तर काम सोपे होते. ‘मागिस्त्रो ऑप्तिमो’ लिहिले की षष्ठीचा आणि अनेकवचनाचा प्रश्नच येत नाही.

इतक्या बारकाव्यात जाणे हा हौशी लोकांचा अट्टहास वाटेल, पण खुद्द रोमनांनाही पाटी लिहिताना घाम फुटत असे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेखक औलुस गेल्लिउस एक गोष्ट सांगतो, आणि तीही सिसेरोचा मुक्त केलेला गुलाम व लेखनिक तिरो याच्या पत्राच्या हवाल्याने. पॉम्पीला एका मंदिरावर आपले नाव आणि पदे कोरायची होती. तो तीनदा कॉन्सुल झाला होता. ‘तिसऱ्यांदा’साठी ‘तेर्तिउम’ लिहायचे की ‘तेर्तिओ’, असा प्रश्न पडला. पॉम्पीने नगरातल्या विद्वानांना विचारले, तर त्यांच्यात दोन तट पडले. शेवटी त्याने सिसेरोला निवाडा करायला सांगितले. सिसेरोपुढे पेच असा की एक रूप निवडावे तर दुसऱ्या बाजूच्या विद्वानांना मूर्ख ठरवल्यासारखे होते. त्याने सल्ला दिला की शब्दाची पहिली चार अक्षरेच कोरा, ‘तेर्त’. अर्थ कळेल आणि शेपूट दिसणार नाही. पुढे तिथली भिंत पडून पुन्हा बांधली गेली तेव्हा, गेल्लिउस सांगतो, तिथे शब्द न लिहिता तीन उभ्या रेघाच मारल्या होत्या. रोमच्या पँथिऑनवर मात्र अग्रिप्पाच्या नावापुढे ‘तेर्तिउम’ अख्खे कोरलेले आजही वाचता येते.

सिसेरोची युक्ती अजून चालते. रोमन लेखांत ‘दोनो देदित’ किंवा ‘दोनो देदेरुन्त’, म्हणजे ‘भेट म्हणून दिले’, हे नुसत्या दोन ‘डी’ अक्षरांनी लिहिलेले सापडते, आणि त्यात एकवचन-अनेकवचनाचा प्रश्न आपोआप मिटतो. मी ते सुचवून पाहिले. मुलींपैकी एकीने ताबडतोब म्हटले, “डीडी? टीचर म्हणतील दूरदर्शनने दिलीय.” दुसरीला डिमांड ड्राफ्ट आठवला. गंमत सोडली तरी रोमन लेखांतही या दोन अक्षरांचा आणखी एक अर्थ होतो, ‘नगरसभेच्या ठरावाने’. संक्षेप ज्याला ओळखीचा त्यालाच कळतो. ‘देदेरुन्त’ पूर्ण ठेवले.

बाईंचे नाव घालायचे तर ते कसे? त्यांचे नाव सुनीता. रोमन कानाला ‘आ’ने संपणारे बाईचे नाव परिचित आहे, त्यामुळे ते सरळ ‘मागिस्त्रा’सारखे चालवून चतुर्थीत ‘सुनिताए’ करता येते. नाव जयश्री असते तर ओढूनताणून लॅटिन करण्यात अर्थ नव्हता. बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरात अब्राहाम, दावीद अशी हिब्रू नावे बहुतेक ठिकाणी प्रत्यय न लावता तशीच राहिली आहेत, आणि ती वाट आपल्यालाही मोकळी आहे. अशा वेळी न बदललेल्या नावाशेजारी ‘मागिस्त्राए’सारखा चालवलेला शब्द असला की विभक्तीचे ओझे तो उचलतो. आडनाव कुठल्याच परिस्थितीत चालवू नये. आडनावाचे लॅटिन केल्यावर ज्यांना पाटी द्यायची त्यांनाच ते ओळखू येत नाही. मुलींनी शेवटी नाव मराठीतच, देवनागरीत, पाटीच्या माथ्यावर घालायचे ठरवले. मला तोच निर्णय सगळ्यात शहाणपणाचा वाटला.

यापुढचे तपासणे वेगळ्या जातीचे आहे. ओळ शुद्ध आहे, अर्थ हवा तोच आहे, पण ती आजवर कुठे कोरली गेली? रोमन साम्राज्यातून आज हाती असलेल्या लेखांमध्ये थडग्यांवरच्या लेखांचा वाटा प्रचंड आहे. ‘क्लाउस-स्लाबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन संग्रहात पाच लाखांहून अधिक लॅटिन लेख शोधता येतात. त्यात एखादे सुंदर वाटणारे सूत्र टाकले की पुन्हा पुन्हा थडगीच वर येतात. ‘बेने मेरेन्ती’, म्हणजे ‘सुपात्र व्यक्तीस’, हे किती चपखल वाटते! पण रोमन थडग्यांवर ते इतके रुळलेले आहे की नुसत्या ‘बी एम’ या अक्षरांनीही लिहीत. पुढच्या काळात पोपकडून दिल्या जाणाऱ्या पदकालाही हेच नाव मिळाले, त्यामुळे चर्चच्या वर्तुळात ते जिवंत माणसाला चालते. मात्र त्याच्या डोक्यावर ‘डी एम’, म्हणजे पितरांच्या आत्म्यांस, ही दोन अक्षरे शोभेसाठी कोणी घातली, तर पाटी सरळ श्राद्धाची होते. निरोपाला म्हणून हमखास सुचवला जाणारा ‘नमस्कार आणि निरोप’ हा लॅटिन जोडशब्दही कातुल्लुसने मेलेल्या भावाच्या कबरीपाशी म्हटलेला आहे. निवृत्त होणाऱ्या माणसाला तो देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

हे थोडे तारतम्याने घ्यावे लागते, नाहीतर कुठलाच शब्द उरणार नाही. ‘ऑप्तिमाए’ हा शब्दही रोमन नवऱ्यांनी बायकांच्या थडग्यांवर भरपूर कोरला आहे. म्हणून तो शब्द अशुभ होत नाही. ट्रेजनलाही ‘ऑप्तिमुस’ ही पदवी होतीच. टाळायचे ते ठरलेले सूत्र, सुटा शब्द नव्हे.

लॅटिन जाणणारा दुसरा माणूस मुंबई, वसई किंवा गोव्यात शोधणे वाटते तितके अवघड नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत, कॅथलिक चर्चमधला मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, आणि त्या काळात सेमिनरीत शिकलेल्या धर्मगुरूंचा लॅटिनचा अभ्यास पक्का असे. मात्र त्यांना विचारताना एक पथ्य पाळावे. आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ सांगू नये. ओळ कागदावर लिहून द्यावी आणि ‘याचा अर्थ काय होतो?’ एवढेच विचारावे. अर्थ आधी सांगितला की भला माणूस मान डोलावतो. आमची ओळ एका वृद्ध फादरनी ‘माजिस्त्रे ओप्तिमे’ अशी वाचली तेव्हा मुली घाबरल्या. चर्चच्या लॅटिनचा उच्चार इटालियन वळणाचा असतो, कोरायची अक्षरे दोन्हीकडे तीच. अर्थ त्यांनी न अडखळता सांगितला, आणि वर ‘उपकार देवाचे असतात, शिक्षकाचे परिश्रम असतात’ असा शेराही मारला. शब्द आम्ही बदलला नाही.

आता अक्षरे. रोमन दगडी अक्षरांत ‘यू’ नव्हता. स्वर आणि व्यंजन दोन्हींसाठी ‘व्ही’च कोरत. म्हणून ‘देदेरुन्त’ आणि ‘दिस्किपुलाए’ यांत ‘यू’ऐवजी ‘व्ही’ दिसतो तो खरा, आणि मोठ्या अक्षरांत तो शोभतो. पण एकदा तसे ठरवले की पाटीभर तसेच हवे. एका शब्दात ‘व्ही’ आणि दुसऱ्यात ‘यू’ झाला की ती सरळ छपाईची चूक वाटते. लहान अक्षरांत कोरायचे असेल तर हा हट्ट सोडून ‘यू’च वापरावा. ‘ट्रेजन’ नावाचा जो टंक ट्रॉफीच्या दुकानातल्या संगणकावर बहुधा असतोच, तो 1989 साली कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी याच स्तंभावरच्या अक्षरांवरून रेखला, आणि त्याच्या मूळ रूपात लहान लिपीची अक्षरेच नव्हती. वर्ष घालायचे तर ‘आन्नो’ हा शब्द आणि पुढे रोमन आकडा पुरतो. ‘आन्नो दोमिनी’ म्हणजे ‘प्रभूच्या वर्षी’. कॉन्व्हेंटच्या पाटीवर ते खटकणार नाही, दुसऱ्या ठिकाणी विचारून घ्यावे.

ओळी कुठे तोडायच्या हेही अर्थाचेच काम आहे. ‘मागिस्त्राए ऑप्तिमाए’ एका ओळीत, ‘दिस्किपुलाए बेनेफिकिओरुम मेमोरेस’ दुसऱ्या ओळीत आणि ‘देदेरुन्त’ तिसऱ्या ओळीत. घेणारी आणि देणाऱ्या अशा वेगळ्या ओळींत बसल्या की कोणते विशेषण कोणाचे हे डोळ्यांनाच कळते. दुकानदाराने मधली ओळ लांब होते म्हणून ‘दिस्किपुलाए’ वरच्या ओळीत ढकलून दाखवले होते. ते परत खाली आणायला लावले आणि अक्षरे थोडी बारीक केली.

कोरण्याआधीचा नमुना कागदावर मागून घ्यावा आणि मजकूर मागून पुढे, एकेक अक्षर बोट ठेवून वाचावा, म्हणजे अर्थ डोक्यात येऊन डोळा घसरत नाही. शिवाय नमुन्याच्या साच्यात दुकानाचा आधीचा मजकूर कुठे उरला नाही ना, तेही पाहावे. साच्यात जागा भरायला घातलेले ‘लोरेम इप्सुम’ लॅटिनसारखे दिसते, कारण ते सिसेरोच्या एका ग्रंथातल्या वाक्याचे तुकडे तोडून बनवलेले आहे. ‘लोरेम’ हा तर ‘दोलोरेम’ या शब्दाचा, म्हणजे ‘वेदना’चा, डोके उडालेला तुकडा. आमच्या पहिल्या नमुन्यात पाटीच्या तळाशी, वर्षाच्या खाली, अगदी बारीक अक्षरांत तो शिल्लक होता. दुकानदाराचे म्हणणे होते की तोही तुमच्या मजकुराचाच भाग आहे असे त्याला वाटले.